टीव्हीला वाचता येईल असा व्हिडिओ

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ सुरू केला की फाइल उलगडून तिचे चित्र करण्याचे काम टीव्हीतली एक चिप करते. कारखान्यातून बाहेर पडताना या चिपला व्हिडिओचे जे प्रकार उलगडता येत असतात, साधारण तेवढेच तिला कायम येतात. लॅपटॉपचे तसे नसते. तिथे व्हीएलसीसारखा प्लेअर हे काम सॉफ्टवेअरने करतो, आणि नवा-जुना, अर्धवट, विचित्र असा जवळपास कुठलाही प्रकार तो चालवून दाखवतो. त्यामुळे लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा व्हिडिओ समारंभाच्या दिवशी टीव्हीवर ‘फाइल सपोर्ट होत नाही’ असा संदेश दाखवतो, किंवा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फाइल बिघडलेली नसते. ती त्या चिपला वाचता येत नाही, इतकेच. तेव्हा पेनड्राइव्हसाठी एक्स्पोर्ट करताना वाटेत येणाऱ्या सगळ्यांत साध्या, सगळ्यांत जुन्या यंत्राचा विचार करून फाइल बनवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी 24 मिनिटांचा माहितीपट तयार झाला आहे. त्यात जुने स्कॅन केलेले फोटो आहेत, निवृत्त शिक्षकांच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या मुलाखती आहेत आणि माजी विद्यार्थ्यांनी फोनवर टिपून पाठवलेली दृश्ये आहेत. तो मुख्य सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवायचा आहे आणि दिवसभर शिक्षकांच्या खोलीतल्या आठ-दहा वर्षे जुन्या टीव्हीवर चालू ठेवायचा आहे. प्रोजेक्टर कुठल्या बनावटीचा आहे हे संकलन करणाऱ्याला माहीत नाही. बहुतेक वेळा परिस्थिती अशीच असते.

पहिला गोंधळ फाइलच्या नावाच्या शेपटीवरून होतो. शेवटी .mp4 असले की व्हिडिओ कुठेही चालेल, असा समज आहे. प्रत्यक्षात MP4 हा केवळ डबा आहे. त्यात चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरले आहे आणि आवाज कुठल्या पद्धतीने, हे त्या नावावरून कळत नाही. दाबून भरण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. चित्रासाठी H.264 आणि आवाजासाठी AAC ही जोडी सगळ्यांत सुरक्षित. H.264 हे मानक 2003 साली आले आणि यूएसबीवरून व्हिडिओ चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीला ते उलगडता येते. त्यानंतर 2013 मध्ये आलेले H.265, म्हणजेच HEVC, त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसवते. पण जुन्या फुल एचडी टीव्हींना आणि बऱ्याच प्रोजेक्टरना ते येत नाही. आताचे अनेक फोन याच HEVC मध्ये चित्रण करतात, त्यामुळे फोनमधली फाइल थेट पेनड्राइव्हवर टाकली की घोटाळा होतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी असतात आणि HEVC निवडल्यावर फाइल लहान होते म्हणून ते निवडण्याचा मोह होतो. पेनड्राइव्हवर जागेची टंचाई नसते, तेव्हा तो टाळावा.

H.264 मध्येही सगळे प्रकार सारखे नाहीत. चिपच्या कुवतीची मर्यादा सांगण्यासाठी त्यात पायऱ्या ठरवलेल्या आहेत आणि त्यांना लेव्हल म्हणतात. लेव्हल 4.0 मध्ये 1920 × 1080 चे चित्र सेकंदाला 30 फ्रेमपर्यंत बसते. सेकंदाला 50 किंवा 60 फ्रेम ठेवल्या की त्याच आकाराच्या चित्राला लेव्हल 4.2 लागते आणि जुनी चिप तिथे अडखळते किंवा सरळ नकार देते. प्रोफाइल High ठेवावे. याशिवाय रंगाची खोली 8 बिट हवी. काही कॅमेरे आणि फोन 10 बिटमध्ये चित्रण करतात आणि संकलनातून तशीच फाइल बाहेर पडली, तर H.264 असूनही टीव्हीवर ती चालत नाही. हा दोष शोधायला अवघड जातो, कारण नाव, आकार, कोडेक सगळे बरोबर दिसते.

फोनच्या दृश्यांत आणखी एक अडचण दडलेली असते. नवे फोन बरेचदा एचडीआर पद्धतीने चित्रण करतात. असे दृश्य साध्या टाइमलाइनवर टाकले आणि रूपांतर न करता बाहेर काढले, तर साध्या टीव्हीवर ते राख फासल्यासारखे फिके दिसते. हे एक्स्पोर्टच्या वेळी सुधारत नाही. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येच टाइमलाइनचे रंग Rec.709 ठेवून ती दृश्ये त्यात बदलून घ्यावी लागतात. फोनमधले एचडीआर चित्रण आधीच बंद करायला सांगता आले, तर उत्तमच.

फ्रेमच्या वेगाबद्दल एक साधा नियम पुरतो: ज्या वेगाने बहुतेक चित्रण झाले असेल, तोच वेग शेवटपर्यंत ठेवावा. शाळेच्या माहितीपटातल्या मुलाखती सेकंदाला 25 फ्रेमने घेतल्या असतील, तर टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट दोन्ही 25. सगळे चित्रण फोनवर 30 ने झाले असेल, तर 30 च ठेवावे, कारण 30 चे 25 करताना फ्रेम गळतात आणि कॅमेरा सरकतो तिथे चित्र झटके देते. भारतात विजेचा वेग 50 हर्ट्झ असल्यामुळे ट्यूबलाइटखाली 25 ने केलेले चित्रण कमी लुकलुकते, म्हणून चित्रण सुरू व्हायचे असेल तर 25 निवडणे बरे. आपल्याकडचे टीव्ही दोन्ही वेग दाखवतात.

वेग कुठलाही असो, तो स्थिर असला पाहिजे. फोन प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेमचा वेग आपोआप बदलतात. अशी फाइल टीव्हीवर चालवली की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, दहाव्या मिनिटाला आवाज थोडा मागे पडतो आणि विसाव्या मिनिटाला बोलणाऱ्याचे तोंड मिटल्यावर शब्द ऐकू येतात. सुरुवातीची दोन मिनिटे पाहून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला हे कळतच नाही.

यानंतर बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदासाठी किती माहिती वापरायची ते माप. फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला 10 मेगाबिट पुरेसे होतात. सभागृहातल्या पडद्यावर याहून वर गेल्याने डोळ्यांना फरक जाणवत नाही. उलट 50-60 मेगाबिटची फाइल स्वस्त पेनड्राइव्ह आणि टीव्ही या दोघांनाही जड जाते आणि गर्दीच्या किंवा पाण्याच्या दृश्यात चित्र थबकत चालते. सरासरी 10 आणि कमाल 12 अशी मर्यादा घातली की हे होत नाही. फाइल किती मोठी होईल, हेही यातूनच निघते. 24 मिनिटे म्हणजे 1,440 सेकंद. त्याला 10 ने गुणले की 14,400 मेगाबिट आणि 8 ने भागले की 1,800 एमबी. आवाजाचे थोडे धरून फाइल सुमारे 1.8 जीबीची होईल. एक्स्पोर्ट संपल्यावर ती 300 एमबीची किंवा 9 जीबीची निघाली, तर बिटरेटचा आकडा कुठेतरी चुकला आहे, हे लगेच ओळखता येते.

आवाज AAC, स्टिरिओ, 48 किलोहर्ट्झ आणि 192 किलोबिट ठेवावा. चित्र दिसते पण आवाज नाही, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा आवाज डॉल्बी, डीटीएस किंवा पाच-सहा वाटांच्या सराउंड पद्धतीत गेलेला असतो. सभागृहात दुसरीच अडचण येते. कॉलरला लावलेल्या माइकचा आवाज पुष्कळदा फक्त डाव्या बाजूला नोंदलेला असतो. हेडफोनवर ते लगेच समजते, पण घाईत दुर्लक्षित राहते. सभागृहातल्या मिक्सरला एकच वायर जोडलेली असेल आणि ती उजव्या बाजूची असेल, तर पार्श्वसंगीत ऐकू येते आणि मुलाखत देणारे शिक्षक नुसतेच ओठ हलवताना दिसतात. बोलण्याचा आवाज संकलनातच दोन्ही बाजूंना सारखा करून ठेवला की ही वायर कुठलीही असली तरी फरक पडत नाही.

अक्षरांकडे एक्स्पोर्टपूर्वी पुन्हा एकदा पाहणे गरजेचे असते, कारण संकलन करणारा स्क्रीनपासून हातभर अंतरावर बसलेला असतो आणि प्रेक्षक पडद्यापासून साठ फुटांवर. अनेक टीव्ही चित्र किंचित मोठे करून दाखवतात आणि चारही कडा थोड्या कापल्या जातात. म्हणून नावे आणि शीर्षके प्रत्येक कडेपासून निदान पाच टक्के आत असावीत. 1920 × 1080 च्या चित्रात हे अंतर आडवे 96 आणि उभे 54 पिक्सेल होते. सभागृहातले जुने प्रोजेक्टर पुष्कळदा 1024 × 768 पिक्सेलचे असतात. त्यांवर रुंद चित्र 1024 × 576 एवढ्यातच बसते, म्हणजे सगळे जवळपास निम्मे होते. संकलनात 30 पिक्सेल उंचीने लिहिलेले ‘श्रीकृष्ण’ तिथे 16 पिक्सेलमध्ये मावते. ‘श्री’ची वेलांटी शिरोरेघेत मिसळते आणि ‘ष्ण’ हा नुसता काळा ठिपका होतो. रोमन अक्षरे एवढ्या आकारात कशीबशी वाचता येतात, पण वर-खाली मात्रा असलेल्या देवनागरीला जागा जास्त लागते. साठ पिक्सेलपेक्षा लहान देवनागरी अक्षर ठेवूच नये.

सबटायटल असतील तर ते चित्रातच पक्के उमटवावेत. वेगळ्या .srt फाइलमधली देवनागरी दाखवायला टीव्हीत देवनागरी अक्षरे आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय लागते. ती नसली की चौकोन दिसतात किंवा ‘शिक्षक’ मधला ‘क्ष’ सुटून वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

आता प्रत्यक्ष एक्स्पोर्ट. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधूनच शेवटची फाइल काढता येते. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये Deliver या पानावर Format ला MP4, Codec ला H.264, आकार 1920 × 1080, Quality खाली Restrict to निवडून 10000 Kb/s आणि आवाजासाठी AAC एवढे ठरवले की झाले. इतर सॉफ्टवेअरमध्ये खिडकीची मांडणी वेगळी असली, तरी निर्णय हेच असतात. दुसऱ्या कुणाकडून तयार फाइल आली असेल आणि तिच्या पोटात काय आहे हे माहीत नसेल, तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे पडते. त्यात Fast 1080p30 हा प्रीसेट निवडून Video च्या पानावर Profile ला High, Constant Framerate आणि Avg Bitrate 10000 करावे. फ्रेमच्या वेगासमोर मूळ चित्रणाचा वेग, इथे 25, निवडावा. ज्यांना कमांड टाइप करण्याची सवय आहे, त्यांना एफएफएमपेगमध्ये हेच काम एका ओळीत होते:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -profile:v high -level 4.0 -pix_fmt yuv420p -r 25 -b:v 10M -maxrate 12M -bufsize 12M -c:a aac -b:a 192k -ar 48000 -ac 2 -movflags +faststart 01_film.mp4
```

यातला `-pix_fmt yuv420p` हा तुकडा 10 बिटचे 8 बिट करतो, पण एचडीआरचे फिके रंग सुधारत नाही. शेवटचा `+faststart` फाइलची अनुक्रमणिका शेवटाकडून उचलून सुरुवातीला ठेवतो. MP4 मध्ये कुठला फ्रेम कुठे आहे याची नोंद एका जागी असते आणि ती सहसा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. कॉपी करताना शेवटचा भाग राहून गेला तर 99 टक्के व्हिडिओ शाबूत असूनही फाइल उघडतच नाही. हँडब्रेकमध्ये हेच काम Web Optimized ही खूण करते.

फाइल तयार झाल्यावर मीडियाइन्फो या लहानशा मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून पाहावी. Format समोर AVC, Format profile समोर High@L4, Bit depth समोर 8 bits आणि Frame rate mode समोर Constant दिसले पाहिजे. AVC हे H.264 चेच दुसरे नाव आहे. या चार ओळी बरोबर असतील, तर टीव्हीने नकार देण्याची बहुतेक कारणे संपली. त्याच माहितीपटाची 1280 × 720 आकाराची आणि 4 मेगाबिटची दुसरी प्रत काढून त्याच पेनड्राइव्हवर ठेवणे शहाणपणाचे असते. एखादा फारच जुना किंवा स्वस्त प्रोजेक्टर मोठ्या प्रतीवर अडखळला, तर ही लहान प्रत चालते.

फाइल बरोबर असूनही टीव्हीच्या यादीत ती दिसतच नसेल, तर दोष पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये शोधावा. जुना आणि सगळीकडे वाचला जाणारा फॉरमॅट म्हणजे FAT32. त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. पेनड्राइव्ह 32 जीबीचा आणि पूर्ण रिकामा असला तरी नाही. 10 मेगाबिटच्या हिशोबाने ही मर्यादा सुमारे 56 मिनिटांना गाठली जाते. 1.8 जीबीचा माहितीपट त्यात निर्धास्त मावतो. पण याच शाळेला अडीच तासांच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण द्यायचे असेल, तर फाइल 11 जीबीच्या वर जाईल. तेव्हा कार्यक्रमातल्या नैसर्गिक जागा पाहून तिचे पाऊण-पाऊण तासाचे भाग करावे, किंवा exFAT वापरावा. 64 जीबी आणि त्यावरचे पेनड्राइव्ह सहसा exFAT मध्येच येतात. नवे टीव्ही तो वाचतात, पण जुन्यांच्या बाबतीत भरवसा देता येत नाही. म्हणून या कामासाठी 16 किंवा 32 जीबीचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवणे सोपे. विंडोजमध्ये त्यावर उजवी क्लिक करून Format मध्ये FAT32 निवडले की काम होते. त्यावरचे सगळे पुसले जाते, हे आधी पाहून घ्यावे.

मॅकवर थोडी जास्त काळजी लागते. मॅकचे स्वतःचे फॉरमॅट टीव्हीला वाचता येत नाहीत. डिस्क युटिलिटीमध्ये View मधून Show All Devices करून पूर्ण पेनड्राइव्ह निवडावा, Format ला MS-DOS (FAT) आणि Scheme ला Master Boot Record निवडावे. Scheme कडे दुर्लक्ष झाले आणि तिथे GUID राहिले, तर फॉरमॅट बरोबर असूनही पुष्कळ टीव्हींना पेनड्राइव्ह रिकामा वाटतो. मॅक प्रत्येक फाइलशेजारी ._ ने सुरू होणारी एक लपलेली फाइलही लिहितो. टीव्हीच्या यादीत ती व्हिडिओसारखीच दिसते आणि घाईत तीच दाबली जाऊन ‘फाइल चालत नाही’ असे निघते. अशा फाइली विंडोजवर पेनड्राइव्ह लावून पुसून टाकता येतात. फाइलचे नाव रोमन अक्षरांत, लहान आणि आकड्याने सुरू होणारे ठेवावे, म्हणजे क्रम सांभाळला जातो.

कॉपी पूर्ण झाल्याची पट्टी दिसली तरी संगणक काही माहिती मागून लिहीत असतो, म्हणून Eject केल्याशिवाय पेनड्राइव्ह ओढू नये. मग तो पुन्हा लावून व्हिडिओ त्याच्यावरूनच चालवावा आणि थेट शेवटच्या मिनिटावर उडी मारून पाहावी. फाइल दुसऱ्या गावी पाठवायची असेल, तर व्हॉट्सअॅपवर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली की अॅप ती पुन्हा दाबून लहान करते आणि मोठ्या पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी चौकोनी डाग दिसतात.

सभागृहात मात्र एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: प्रोजेक्टरचा यूएसबी पोर्ट व्हिडिओ चालवतो का? अनेक प्रोजेक्टरवरचा पोर्ट फक्त वीजपुरवठ्यासाठी, दुरुस्तीसाठी किंवा फोटो दाखवण्यासाठी असतो. शेजारी 5V किंवा SERVICE असे लिहिलेले असते. शिवाय प्रोजेक्टर छताला टांगलेला असला, तर पेनड्राइव्ह लावायला शिडी आणावी लागते आणि आवाज मंचाजवळच्या मिक्सरपर्यंत आणायला लांब वायर. अशा ठिकाणी मिक्सरजवळ लॅपटॉप ठेवून एचडीएमआयने चित्र पाठवणे हाच योग्य मार्ग. तीच फाइल तिथेही चालते. फक्त ती पेनड्राइव्हवरून न चालवता लॅपटॉपवर उतरवून घ्यावी.

टीव्हीवर व्हिडिओ सुरू होताच फाइलचे नाव आणि वेळ दाखवणारी पट्टी काही सेकंद चित्रावर येते, आणि संपल्यावर टीव्ही लगेच यादीवर परततो किंवा पुढची फाइल सुरू करतो. त्यामुळे माहितीपटाच्या सुरुवातीला पाच सेकंद आणि शेवटी दहा सेकंद काळा पडदा जोडून एक्स्पोर्ट करावे. शिक्षकांच्या खोलीतल्या टीव्हीवर दिवसभर चालवायचे असेल, तर रिमोटवरून Repeat लावावा. पेनड्राइव्हवर दुसरी प्रतही असेल, तर Repeat एकाच फाइलचा आहे ना, हे तपासावे. चाचणी आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच मिक्सरवर घ्यावी आणि ती कार्यक्रमाच्या वेळी असतील तेवढे दिवे लावून घ्यावी. अर्धवट उजेडात जुन्या कृष्णधवल फोटोंमधला काळोख सपाट होतो आणि मागच्या रांगेतले चेहरे हरवतात. असे फोटो संकलनात थोडे उजळून नवी फाइल काढायला त्या रात्री वेळ मिळतो.